एक काडी हलवा, पण कोणती?

काड्यांनी मांडलेलं 6 + 4 = 4 हे चुकीचं समीकरण बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. एकच काडी हलवायची आणि ते बरोबर करायचं. आपण डोळे बारीक करून अंदाजाने काड्या हलवत बसतो. खरं तर इथे अंदाजाची गरजच नाही.

आकडे इंग्रजी, कॅल्क्युलेटरवर दिसतात तसे सरळ रेघांचे. (देवनागरी आकड्यांची वळणं काड्यांना कुठून जमणार!) 8 ला सात काड्या लागतात, 0, 6 आणि 9 ला सहा-सहा, 2, 3 आणि 5 ला पाच-पाच, 4 ला चार, 7 ला तीन, 1 ला दोन.

हलवलेली काडी एक तर त्याच आकड्यात दुसरीकडे बसते, नाहीतर एकाकडून निघून दुसऱ्याकडे जाते. पहिल्या प्रकारात 0, 6 आणि 9 एकमेकांत बदलतात आणि 3 चा 2 किंवा 5 होतो, किंवा उलट. दुसऱ्या प्रकारात एक देणारा लागतो, एक घेणारा. एक काडी मिळाली की 0, 6 किंवा 9 चा 8 होतो, 5 चा 6 किंवा 9, 3 चा 9 आणि 1 चा 7. काडी देताना हेच उलटं वाचायचं. अधिकचं चिन्ह एक काडी देऊन वजा होतं. 2 देत नाही, घेतही नाही. 4 तर जागचा हलतच नाही.

आता आपलं कोडं पाहा. दोन्ही 4 बाद. बरोबरच्या चिन्हाची काडी काढली तर समीकरणच उरत नाही. राहिले 6 आणि अधिक. 6 स्वतःत बदलून 0 किंवा 9 होईल: 0 + 4 = 4 बरोबर, 9 + 4 = 4 चूक. 6 ने काडी दिली तर तो 5 होतो, पण ती घ्यायला कुणी नाही. अधिकने दिली आणि 6 ने घेतली, तर 8 − 4 = 4, हेही बरोबर. शोध संपला. तपासण्यासारख्या शक्यता तीनच होत्या आणि त्यांतून उत्तरं दोन निघाली.

मग कुणी 5 + 4 = 9 हे तिसरं उत्तर सांगतं ते कसं? त्यांचा 9 खालच्या आडव्या काडीशिवायचा, म्हणजे पाच काड्यांचा असतो. असा 9 मान्य केला की 4 च्या डोक्यावर एक काडी ठेवून तो तयार होतो आणि वरचा तक्ता बदलतो.

बरोबरचं चिन्हही नेहमीच निरुपयोगी नसतं. 3 − 5 = 2 मध्ये त्याची एक काडी उचलून वजावर ठेवा: 3 = 5 − 2. दोन चिन्हांनी जागा बदलल्या, आकडे तसेच राहिले. हे मला सगळ्यांत देखणं वाटतं. पण 6 ची काडी काढून बरोबरच्या चिन्हावर तिरकी ठेवायची आणि 5 + 4 ≠ 4 हे खरंच आहे म्हणायचं, ही पळवाट झाली. ती चालेल की नाही, हे कोडं घालणाऱ्याने आधीच सांगावं.