सी-आर्मशेजारी उभे राहताना

इमेजिंग विभागातल्या सगळ्याच यंत्रांपासून कर्मचाऱ्यांना सारखा धोका नसतो. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरलेच जात नाहीत. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत ते असतात, पण किरण चालू असताना तंत्रज्ञ जाड भिंतीआड, शिसेयुक्त काचेच्या पलीकडे उभा असतो. अशा खोलीची 9 इंची विटांची भिंत सुमारे 2 मिलिमीटर जाड शिशाच्या पत्र्याइतकी आड येते. खरी काळजी घ्यावी लागते ती किरण चालू असतानाही माणसांना रुग्णाजवळ थांबावे लागते तिथे. हृदयरोगाची कॅथ लॅब ही अशी एक जागा. अस्थिरोग शस्त्रक्रियागृहातला सी-आर्म ही दुसरी.

सी-आर्म हे इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे, चाकांवर फिरवता येणारे यंत्र. त्याच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी असते, दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा भाग आणि मधे टेबलावर रुग्ण. मांडीच्या मोडलेल्या हाडात सळई बसवताना सर्जन पायाखालचे पेडल दाबतो आणि हाडाचे चालते चित्र पडद्यावर पाहतो. नळीतून निघालेला किरणांचा झोत अरुंद असतो आणि कर्मचारी त्या झोतात सहसा येत नाहीत. मात्र झोत रुग्णाच्या शरीरावर पडला की त्यातले काही किरण सर्व दिशांना विखुरतात. कर्मचाऱ्यांना मिळणारा जवळजवळ सगळा डोस या विखुरलेल्या किरणांचा असतो. म्हणजे किरण चालू असेपर्यंत रुग्णाचे शरीर हेच त्यांचे उगमस्थान ठरते आणि संरक्षणाचा हिशेब तिथूनच मांडावा लागतो. पेडलवरचा पाय उचलला की किरण तत्क्षणी थांबतात. खोलीत किंवा रुग्णात काही शिल्लक राहत नाही.

हिशेबासाठी असे धरू, की रुग्णापासून 1 मीटरवर विखुरलेल्या किरणांचा वेग ताशी 1 मिलिसीव्हर्ट, म्हणजे 1000 मायक्रोसीव्हर्ट आहे. रुग्णाची जाडी आणि यंत्राची मांडणी बदलली की हा आकडा बराच बदलतो. एका शस्त्रक्रियेत पेडल एकूण 3 मिनिटे दाबले गेले, तर 1 मीटरवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला अ‍ॅप्रन नसताना 50 मायक्रोसीव्हर्ट मिळतील. रोज अशा 4 शस्त्रक्रिया आणि वर्षाचे 250 दिवस धरले, तर बेरीज 50 मिलिसीव्हर्टवर जाते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 30 मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. कोणतीच खबरदारी न घेणारा हा तंत्रज्ञ ती सहज ओलांडतो.

पहिला उपाय वेळेचा. डोस वेळेच्या प्रमाणात वाढतो. पेडल निम्मा वेळ दाबले की डोस निम्मा होतो. पेडल सोडल्यावरही शेवटचे चित्र पडद्यावर टिकून राहते. सळई कुठवर गेली हे त्या चित्रावरून कळत असेल तर पुन्हा किरण सोडायची गरज नसते. अखंड झोताऐवजी तुटक स्पंदांनी चित्र घेण्याची सोय असेल तर डोस आणखी उतरतो. झोताची चौकट हव्या तेवढ्याच भागापुरती आवळली की विखुरणारे किरणही कमी होतात आणि चित्रही स्वच्छ येते. यातले पेडल बहुधा सर्जनच्या पायाखाली असते. त्यामुळे वेळ वाचवणे तंत्रज्ञाच्या हातात फारसे नसते, अंतर मात्र असते.

अंतर दुप्पट केले की डोस चौथाईवर येतो. वरच्या उदाहरणातला तंत्रज्ञ किरण चालू होण्याआधी एक मोठे पाऊल मागे सरून 2 मीटरवर गेला, तर त्याचे 50 मायक्रोसीव्हर्ट 12.5 वर येतात आणि वर्षाची बेरीज 12.5 मिलिसीव्हर्ट होते. उलट अर्ध्या मीटरवर वाकलेल्या सर्जनच्या जागी डोस चौपट, म्हणजे एका शस्त्रक्रियेला 200 मायक्रोसीव्हर्ट असतो. रुग्णाच्या अगदी निकट हा नियम ढोबळच लागू पडतो, कारण तिथे किरण एका बिंदूतून नव्हे, तर शरीराच्या रुंद भागातून येत असतात.

अंतराइतकीच बाजूही महत्त्वाची असते. झोत शरीरात शिरतो तिथे तो सर्वांत तीव्र असतो, म्हणून विखुरलेले किरण नळीच्या बाजूला जास्त असतात. नळी टेबलाखाली ठेवली तर ते बहुतेक जमिनीकडे जातात. वर ठेवली तर चेहऱ्याकडे आणि डोळ्यांकडे येतात. खुब्याचे आडवे चित्र घेताना सी-आर्म आडवा करावा लागतो. तेव्हा नळीच्या बाजूला न थांबता प्रतिमा टिपणाऱ्या भागाच्या बाजूला उभे राहावे.

तिसरा उपाय आडोशाचा. सी-आर्मच्या कामात सर्रास वापरला जाणारा 0.5 मिलिमीटर शिशाइतका अ‍ॅप्रन विखुरलेल्या किरणांपैकी सुमारे 95 टक्के किंवा त्याहून अधिक अडवतो. 2 मीटरवरच्या तंत्रज्ञाने तो घातला तर त्याचे वर्षाचे 12.5 मिलिसीव्हर्ट सुमारे 0.6 वर येतात. फक्त पुढून झाकणारा अ‍ॅप्रन घालून रुग्णाकडे पाठ केली की पाठ उघडीच पडते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठी शिशाची कॉलरपट्टी आणि डोळ्यांसाठी शिसेयुक्त काचेचा चष्मा वेगळा लागतो. अ‍ॅप्रन घडी करून ठेवला किंवा खुर्चीवर टाकला की आतला थर दुमडीवर तडकतो. बाहेरून कापड धडधाकट दिसते, पण तडा गेलेल्या जागेतून किरण आरपार जातात. म्हणून तो रुंद दांडीवर टांगावा आणि ठराविक काळाने खुद्द क्ष-किरणांखाली धरून तपासावा. तडे पडद्यावर लगेच उठून दिसतात.

हे तिन्ही उपाय खरोखर पाळले जातात का, हे बॅजवरून कळते. भारतात सर्वाधिक प्रचलित असलेल्या टीएलडी बॅजच्या कार्डात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या 3 चकत्या असतात. एकीवर धातूचे, दुसरीवर प्लास्टिकचे आवरण असते आणि तिसरी उघडी असते. पडलेल्या किरणांची ऊर्जा चकत्यांत साठते. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि प्रकाशावरून डोस काढतात. तिन्ही चकत्यांच्या आकड्यांची तुलना केली की किरण कोणत्या ऊर्जेचे होते याचाही अंदाज येतो. एक्स-रे विभागात बॅज साधारणपणे दर 3 महिन्यांनी बदलतात. त्यामुळे तो आयत्या वेळी सावध करत नाही. झालेल्या डोसची नोंद तेवढी उशिरा हाती येते.

हा बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा असतो. वरच्या तंत्रज्ञाचा तिमाही आकडा 0.15 मिलिसीव्हर्टच्या आसपास यायला हवा. तो एकदम 3 आला तर शक्यता ठरलेल्या असतात. बॅज अ‍ॅप्रनच्या बाहेर लावला असेल, अ‍ॅप्रन तडकला असेल, किंवा बॅज अ‍ॅप्रनलाच अडकवून शस्त्रक्रियागृहातल्या खुंटीवर राहिला असेल. शेवटच्या प्रकारात डोस खुंटीला मिळालेला असतो, माणसाला नव्हे. विकिरण सुरक्षा अधिकारी शस्त्रक्रियांची नोंदवही, अ‍ॅप्रनची तपासणी आणि बॅज ठेवण्याची जागा पाहून यातले कोणते घडले ते शोधतो. रोज सी-आर्मवर असणाऱ्याचा आकडा सतत शून्य येणे हेही तितकेच संशयास्पद असते. बॅज बहुधा खणातच पडून राहिलेला असतो. स्वतःचा एक्स-रे काढून घेताना बॅज काढून ठेवावा, आणि तो दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नये. कुणीच न वापरलेला एक बॅज किरणांपासून दूर ठेवतात आणि त्याच्या आकड्याने नैसर्गिक पार्श्वभूमीचा डोस वजा करतात.

अ‍ॅप्रनच्या आतला बॅज धडाच्या डोसविषयीच बोलतो. सर्जनचे डोळे आणि हात अ‍ॅप्रनबाहेर असतात आणि त्यांचा डोस त्या आकड्यात येत नाही. ज्यांचे हात झोताच्या जवळ जातात त्यांच्यासाठी बोटात घालायचा अंगठीसारखा बॅज असतो, तर डोळ्यांचा अंदाज घेण्यासाठी गळ्याशी, अ‍ॅप्रनच्या बाहेर दुसरा बॅज लावता येतो. दोन बॅज वापरताना कोणता आत आणि कोणता बाहेर याच्या खुणा पक्क्या हव्यात. अदलाबदल झाली तर दोन्ही आकडे निरुपयोगी ठरतात.