ताळा जुळला, तरी मधली पातळी चुकली

लेव्हलिंगच्या तक्त्यात बॅकसाइट आणि फोरसाइट यांच्या बेरजांतला फरक शेवटच्या व पहिल्या पातळीतल्या फरकाइतका आला, की डिप्लोमाचे विद्यार्थी वही मिटतात. तिथेच फसगत होते.

बेंचमार्क 100.000 मीटर, बॅकसाइट 1.250. म्हणजे कॉलिमेशन उंची 101.250. मधल्या बिंदूचे वाचन 1.780, त्याची पातळी 99.470. चेंज पॉइंटवर फोरसाइट 2.100, पातळी 99.150. यंत्र हलवून तिथेच बॅकसाइट 0.900, नवी उंची 100.050. शेवटची फोरसाइट 1.450, पातळी 98.600.

ताळा: 2.150 वजा 3.550 म्हणजे उणे 1.400, 98.600 वजा 100.000 हेही तेवढेच. आता मधली पातळी चुकून 99.740 लिहा. ताळा तरीही जुळतो, कारण पुढची कोणतीही पातळी तिच्यावरून काढलेली नाही.

राइज अँड फॉल पद्धतीत प्रत्येक पातळी मागच्या पातळीवरून निघते. उतार 0.530, 0.320, 0.550, बेरीज 1.400. इथे अशी चूक शेवटपर्यंत वाहत जाते आणि पकडली जाते.

मात्र पट्टीवरच 1.780 ऐवजी 1.870 वाचले, तर उतार 0.620 आणि 0.230 होतात, बेरीज तीच राहते. आकडेमोडीचा ताळा वाचनाची चूक दाखवत नाही. मधली वाचने जागेवरच दुसऱ्यांदा घ्या.