बारा क्लिक आणि अठरा क्लिक

समजा, तुम्ही यूट्यूबवर भाकरीचा व्हिडिओ टाकलात. त्याचं थंबनेल ३०० वेळा लोकांसमोर आलं, म्हणजे ३०० इम्प्रेशन्स झाली, आणि त्यातून १२ क्लिक मिळाले. क्लिक-थ्रू रेट ४ टक्के. मग तुम्ही तव्याच्या फोटोऐवजी टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो लावलात. पुढच्या ३०० इम्प्रेशन्सना १८ क्लिक आले, म्हणजे ६ टक्के. दर दीडपट झालेला दिसतो, पण फरक अवघ्या सहा क्लिकचा आहे.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. प्रेक्षकांचं तसं नसतं. तेच थंबनेल दुसऱ्या ३०० वेळा दाखवलं, तर कधी ९ क्लिक येतील, कधी १६. म्हणून एका आकड्याऐवजी खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकतो, तो पट्टा काढायचा. यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात.

तो घरीही काढता येतो. ॲलन ॲग्रेस्टी आणि ब्रेंट कूल यांनी १९९८ मध्ये मांडलेली युक्ती सोपी आहे: क्लिकमध्ये २ आणि इम्प्रेशन्समध्ये ४ मिळवायचे. १४ भागिले ३०४, म्हणजे ०.०४६. आता ०.०४६ ला ०.९५४ ने गुणा, ३०४ ने भागा, वर्गमूळ काढा: ०.०१२. त्याची दुप्पट ०.०२४. म्हणजे ४.६ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे २.४. पट्टा आला २.२ ते ७ टक्के. अशाच रीतीने शंभर वेळा पट्टे काढले, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा दर सापडतो. ही मिळवणी का? साध्या सूत्राने ५० इम्प्रेशन्सवर शून्य क्लिक असतील, तर पट्टाही शून्य ते शून्य येतो. तेवढ्यावरून कुणी कधीच क्लिक करणार नाही, असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या थंबनेलचा पट्टा येतो ३.७ ते ९.४. पट्टे एकमेकांवर चढले म्हणून फरक नाहीच, असं मात्र समजू नये. त्यासाठी फरकाचाच पट्टा काढावा: दोन्ही पट्ट्यांच्या निम्म्या रुंदींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं. इथे नवं थंबनेल जुन्यापेक्षा पावणेदोन टक्क्यांनी मागे असण्यापासून ते पावणेसहा टक्क्यांनी पुढे असण्यापर्यंत काहीही शक्य आहे. शून्य त्यातच येतं, म्हणून निकाल लागत नाही.

हा पट्टा फक्त योगायोगाचा हिशेब धरतो. आधीची इम्प्रेशन्स सबस्क्रायबरना आणि नंतरची अनोळखी लोकांना गेली असतील, तर फरक थंबनेलचा की प्रेक्षकांचा, हे त्यातून कळत नाही. म्हणून सर्चमधून आलेल्यांची तुलना सर्चवाल्यांशीच करावी.

४ आणि ६ टक्क्यांतला खरा फरक दहापैकी आठ वेळा पकडायचा, तर प्रत्येक थंबनेलला सुमारे १,९०० इम्प्रेशन्स लागतात. तोवर आवडेल ते थंबनेल ठेवा, पण ते जिंकलं असं म्हणू नका.