भजन फोनवरून जाताना टाळ कुठे हरवतात?

गणपतीतले रात्रीचे भजन रंगात आलेले असते आणि दुबईहून निरोप येतो, ‘बुवांचा आवाज तुटतोय, पेटी मध्येच गायब होते, टाळ तर ऐकूच येत नाहीत.’ घरातले सगळे नेटच्या नावाने बोटे मोडतात, कोणीतरी राउटर बंद करून पुन्हा चालू करते. तक्रार तशीच राहते, कारण यातला बराचसा बिघाड नेटचा नसतो. चित्र स्वच्छ दिसत असताना फक्त वाद्येच नाहीशी होत असतील, तर आवाज वाटेत हरवलेला नाही. तो फोनमधून बाहेर पडण्याआधीच कापला गेला आहे.

व्हिडिओ कॉलचे प्रत्येक अॅप बोलण्यासाठी बांधलेले असते. आपण बोलताना मागे पंखा चालू असेल, कुकरची शिट्टी होत असेल, तर ते सारे गाळून फक्त माणसाचा आवाज पुढे धाडायचा, हे त्याचे काम. ही चाळणी कशी ठरवते की गोंगाट कोणता? बोलणे सारखे वरखाली होते, मध्ये थांबते. जो आवाज एकाच पातळीवर बराच वेळ टिकतो तो पंख्यासारखा, आणि जो अचानक खणखणून येतो तो भांडे पडल्यासारखा. आता भजनाकडे पाहा. पेटीवर धरून ठेवलेला षड्ज पंख्यासारखा टिकतो, टाळ भांड्यासारखे खणखणतात. अॅपच्या हिशेबाने दोन्ही गोंगाटच.

याखेरीज आणखी दोन कामे अॅप न विचारता करते. पहिले काम पातळी सांभाळण्याचे. मोठा आवाज आला की ते सगळेच दाबते आणि शांतता झाली की सगळेच उचलते. म्हणून पखवाजावर जोराची थाप पडली की बुवांचा आवाज खाली बसतो, आणि अभंग संपल्यावर पंख्याची घरघर फुगून येते. दुसरे काम प्रतिध्वनी कापण्याचे. पलीकडून कोणी ‘वा!’ म्हटले, तर तो आवाज आपल्या फोनच्या स्पीकरमधून निघून परत माइकमध्ये शिरू नये म्हणून अॅप तेवढा वेळ आपल्याकडचा आवाज कमी करते किंवा तोडते. दाद दिली की ओळ अर्धी जाते, त्याचे कारण हे.

तेव्हा अॅप निवडताना एकच प्रश्न विचारावा: ही कापाकापी बंद करता येते का? व्हॉट्सअॅपवर 32 जणांपर्यंत कॉल होतो आणि ते घरातल्या प्रत्येकाला वापरता येते. आरतीपुरते ते चालते, पण त्याचा कॉल बोलण्यासाठीच आहे. झूममध्ये मात्र खास संगीतासाठी एक पर्याय आहे. फोनवरच्या अॅपच्या सेटिंगमध्ये मीटिंगच्या विभागात `Original Sound` शोधावे आणि ते चालू करावे. आवृत्तीप्रमाणे त्याची जागा थोडी इकडेतिकडे होते. मीटिंग सुरू झाल्यावर `More` मध्ये जाऊन ते पुन्हा एकदा चालू करावे लागते, आणि नेमकी हीच पायरी विसरली जाते. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माइकचा प्रकार निवडता येतो. तिथे `Voice Isolation` असेल तर ते काढून `Wide Spectrum` ठेवावे. पहिल्या प्रकारात फक्त गळा उरतो, दुसऱ्यात आसपासचेही सगळे येते.

यूट्यूबचे थेट प्रक्षेपण हा तिसरा मार्ग. ते एकतर्फी असल्याने प्रतिध्वनी कापण्याची गरज पडत नाही आणि गाणे मोकळे जाते. दुवा `Unlisted` ठेवला की तो ज्यांना पाठवला त्यांनाच सापडतो. पण फोनवरून प्रक्षेपण करायला चॅनेलचे किमान 50 सदस्य लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ जातो, म्हणजे ऐनवेळी हे जमणार नाही. आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे गप्पाही होत नाहीत. शिवाय मध्यंतरात कोणी ध्वनिमुद्रित गाणे लावले, तर स्वामित्वहक्काची अडचण येऊ शकते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. मालवणजवळचे घर, गणपती माजघरात, समोर बुवा पेटी घेऊन बसलेले, त्यांच्या एका बाजूला पखवाज, भोवती आठ-दहा टाळकरी. मुलगा न्यू जर्सीत, पुतण्या लंडनला, बहीण दुबईला. गणपतीच्या दिवसांत तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून आपल्याकडे रात्री साडेनऊला भजन सुरू केले तर न्यू जर्सीत दुपारचे बारा, लंडनला संध्याकाळचे पाच आणि दुबईत रात्रीचे आठ वाजतात. घरच्यांना तिघांचे चेहरे पाहायचे आहेत, म्हणून झूम घेतले. त्याच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत संपते आणि भजन दोन तास चालणार. पण ही मर्यादा मीटिंग ज्याने भरवली त्याच्या खात्यावर असते. पुतण्याकडे पैसे भरलेले खाते असेल तर मीटिंग त्याने लंडनहून सुरू करावी आणि घरच्या फोनने नुसते तिच्यात शिरावे. याचा दुसरा फायदा असा की यजमान या नात्याने तो सगळ्यांचे माइक बंद ठेवू शकतो. `Original Sound` चालू असताना हे आवश्यकच आहे, कारण अॅपची राखण आता उठलेली असते.

फोन कुठे ठेवायचा, हा खरा कस. घरच्यांची पहिली इच्छा असते की गणपती, मखर, माटवी आणि सगळी मंडळी एका चौकटीत दिसावीत. त्यासाठी फोन बारा फूट मागे, दाराशी जातो, आणि नेमका टाळकऱ्यांच्या मध्ये अडकतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. दाराशी ठेवलेल्या फोनपासून बुवा बारा फुटांवर असतात आणि टाळ तीन फुटांवर. म्हणजे टाळांना गळ्यापेक्षा चौपट जवळची जागा, 12 डेसिबलची आघाडी. टाळ मुळातच तिखट, मग बुवा ऐकू येणार कसे?

म्हणून फोन बुवांच्या समोर, तोंडापासून तीन-चार फुटांवर आणावा. उंची जमिनीपासून दोन-अडीच फूट, म्हणजे बसलेल्या माणसाचे तोंड आणि पेटी यांच्या मधोमध. जमिनीवर किंवा पाटावर टेकवला तर पखवाजाचा दणका थेट फोनमध्ये शिरतो. पखवाज पाच-सहा फुटांवर असावा आणि त्याची कोणतीही पुडी फोनकडे रोखलेली नसावी. टाळकऱ्यांना बुवांच्या मागे अर्धगोलात बसवावे, फोनपासून किमान आठ फुटांवर. बहुतेक फोनचा मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. फोन आडवा लावताना स्टँडचा चिमटा त्याच छिद्रावर बसत नाही ना, हे पाहून घ्यावे. टेबलपंख्याचा झोत फोनवर येत असेल तर तोही वळवावा. वाऱ्याची फडफड कोणत्याही सेटिंगने पुसली जात नाही.

मग मखर दिसणार कसे? त्यासाठी दुसरा फोन घ्यावा. पहिला फोन बुवांसमोर, फक्त आवाजासाठी, त्याचा कॅमेरा बंद. दुसरा दाराशी, फक्त चित्रासाठी. हा दुसरा मीटिंगमध्ये आणताना त्याला आवाज जोडायचाच नाही. माइक आणि स्पीकर दोन्ही बंद नसतील तर दोन फोन एकमेकांना ऐकू लागतात आणि किंकाळी उठते. बोटे आणि थाप यांत किंचित फरक दिसेल, पण तो कोणाला खटकत नाही. वेगळा माइक घ्यायचा असेल तर वायरचा घ्यावा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक भजनाला वापरू नये, कारण कॉलच्या वेळी तो आवाजाची वरची पट्टी कापतो आणि टाळांचा नाद तिथेच असतो.

आदल्या रात्री चाचणी घ्यावी, ती दोन पायऱ्यांत. आधी फोन ठरलेल्या जागी ठेवून फोनच्याच रेकॉर्डरवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे, तेही गजराचे, सगळे वाद्यवृंद भरात असताना. संथ अभंगावर घेतलेली चाचणी फसवते. मुद्रणच फाटके, खरखरीत आले तर दोष जागेचा आहे. फोन फूटभर मागे न्यावा आणि पुन्हा ऐकावे. मुद्रण चांगले आहे पण पलीकडे वाईट पोहोचते, तर दोष अॅपच्या सेटिंगचा. पेटीचा लांब सूर दोन-तीन सेकंदांत विरतो का, तेवढे विचारावे. विरत असेल तर `Original Sound` चालू झालेले नाही. पलीकडच्याने मात्र इअरफोन लावूनच ऐकायला हवे. फोनच्या लहान स्पीकरला पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा पेलत नाही, आणि मग माइकला विनाकारण दोष जातो.

प्रत्यक्ष भजनात खरोखर नेटचा त्रास झाला तर तो वेगळा ओळखू येतो. चित्र गोठते, आवाज यंत्रमानवासारखा होतो किंवा शब्दच्या शब्द गळतात. अशा वेळी चित्राचा फोन सरळ बंद करावा. आवाजाला चित्राच्या मानाने फार थोडे नेट पुरते. फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे, कारण आलेला साधा कॉल उचलला की माइक त्याच्याकडे जातो. वायरचा माइक लावून चार्जर जोडल्यावर गुणगुण ऐकू आली तर चार्जरऐवजी पॉवरबँक वापरावी.

एक गोष्ट कोणत्याही अॅपने साधणार नाही: परदेशातल्यांनी आपल्याबरोबर एका तालात म्हणणे. आवाज जायला आणि यायला मिळून सेकंदाचा काही भाग लागतोच, आणि तेवढ्याने ठेका चुकतो. त्यांनी माइक बंद ठेवून खुशाल टाळ धरावेत. त्यांच्या कानाला ते जुळलेलेच वाटतील. चेहरे दाखवायचे, बोलायचे ते आरतीनंतर. आणि खर्च करायचाच असेल, तर महागड्या माइकच्या आधी एका साध्या स्टँडवर करावा. फोन योग्य जागी उभा राहिला की निम्मे काम झाले.