काल काय खाल्लं आणि एरवी काय खाता?

आहारशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो : ‘एका तालुक्यातील स्त्रियांच्या आहारातील लोहाचे सरासरी प्रमाण काढायचे आहे. चोवीस तासांची आहार-स्मरण पद्धत वापराल की अन्न-वारंवारता प्रश्नावली? कारण द्या.’ उत्तरपत्रिका तपासताना दिसतं, की दोन्ही पद्धतींच्या व्याख्या मुलांना पाठ असतात. अडतं ते ‘कारण द्या’पाशी. पहिली पद्धत ‘काल काय खाल्लं’ असं विचारते आणि दुसरी ‘एरवी काय खाता’ असं. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक शिरते ती वेगवेगळ्या वाटेने. ती वाट कळली की कारण आपोआप लिहिता येतं.

आधी ‘काल’कडे पाहू. मुलाखत घेणारी घरी जाते आणि काल उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते विचारते. पहिल्या फेरीत मध्ये न बोलता नुसतं ऐकायचं. बाई सांगते : चहा, भाकरी, वरण, भात. दुसऱ्या फेरीत निसटलेल्या गोष्टींची आठवण करून द्यायची. भातावरचं तूप, चटणी, दुपारचा दुसरा चहा, शेतात खाल्लेले चार हरभरे, मुलाच्या ताटात उरलेला घास हे सगळं इथे सापडतं. मग प्रत्येक खाण्याची वेळ, त्यानंतर प्रमाण, आणि शेवटी एकदा सगळी यादी वाचून दाखवायची. प्रश्न सुचवणारा नसावा. ‘भाजी होती ना?’ असं विचारलं की कोणतीही गृहिणी ‘होती’ म्हणते. ‘भाकरीबरोबर काय होतं?’ असं विचारलं की ‘नुसतं तिखट-मीठ’ हे उत्तर येऊ शकतं.

प्रमाण सांगताना ग्रॅम कुणाच्याच डोक्यात नसतात. म्हणून ठरावीक मापाच्या वाट्या आणि चमचे समोर ठेवतात. १९७२ साली सुरू झालेल्या नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्युरोच्या पाहण्यांमध्येही अशाच प्रमाणित वाट्या वापरल्या जात. पण वाटी भरते शिजलेल्या वरणाने, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांत आकडे असतात कच्च्या डाळीचे. परीक्षेतलं गणित नेमकं इथे बेतलेलं असतं.

समजा, घरात १०० ग्रॅम तूरडाळ शिजवली आणि वरण झालं ८०० मिलिलिटर. बाईने त्यातलं १६० मिलिलिटर घेतलं. तिच्या वाट्याला आलेली कच्ची डाळ म्हणजे १६० भागिले ८०० गुणिले १००, अर्थात २० ग्रॅम. तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं धरली, तर तिला त्या वरणातून चार-साडेचार ग्रॅम मिळाली. घाईत काही जण १६० हाच आकडा डाळीचे ग्रॅम समजून तक्त्यातल्या आकड्याने गुणतात आणि ३५ ग्रॅम प्रथिनं काढून मोकळे होतात. एका वाटी वरणातून दिवसाची जवळपास अर्धी-पाऊण गरज भागताना दिसली, की आपण कच्चं-शिजलेलं यात गफलत केली हे ओळखावं. भाकरीचंही तसंच : एकूण पीठ ६४० ग्रॅम, भाकऱ्या आठ, तर एका भाकरीत ८० ग्रॅम पीठ. ‘दोन भाकऱ्या खाल्ल्या’ एवढंच लिहून आणलं तर ही आकडेमोड करताच येत नाही.

इतकं काटेकोर मोजूनही तो एकच दिवस असतो. दहा बायका घ्या. प्रत्येक जण पाच दिवसांतून एकदा १०० ग्रॅम पालेभाजी खाते, म्हणजे प्रत्येकीचं खरं प्रमाण रोजचं २० ग्रॅम. आपण गेलो त्या दिवशी दोघींनी भाजी खाल्लेली होती आणि आठ जणींनी नव्हती. दहा जणींची सरासरी २० ग्रॅम, म्हणजे अगदी बरोबर आली. पण एकेकीकडे पाहिलं तर कुणी शून्यावर, कुणी शंभरावर. २० वर एकही नाही. त्यामुळे एका दिवसाच्या स्मरणावरून गटाची सरासरी सांगता येते, पण ‘दहापैकी आठ जणी पालेभाजी खातच नाहीत’ हा निष्कर्ष खोटा ठरतो. किती टक्के स्त्रियांना लोह कमी पडतं असा प्रश्न असेल, तर निदान काही जणींकडे दुसऱ्या, लगत नसलेल्या दिवशी पुन्हा जावं लागतं. त्या दोन दिवसांतल्या फरकावरून एकाच व्यक्तीच्या रोजच्या चढउताराचा अंदाज येतो आणि पसरट झालेली आकडेवारी पुन्हा आवरता येते. सुरुवातीच्या प्रश्नात ‘सरासरी’ हा शब्द आहे, म्हणून तिथे स्मरण पद्धत पुरते. त्याजागी ‘कमतरता असलेल्यांचे प्रमाण’ असं आलं, तर फक्त पद्धतीचं नाव लिहून पूर्ण गुण मिळू नयेत असं माझं मत आहे.

आता ‘एरवी’. हजारो लोकांची खाण्याची सवय आणि पुढे दहा-वीस वर्षांनी होणारे आजार यांचा संबंध शोधायचा असेल, तर दरेकाच्या घरी वाट्या घेऊन पुन्हा पुन्हा जाणं झेपत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासात १९८० साली ६१ पदार्थांची छापील प्रश्नावली वापरली, ती यासाठीच. पदार्थाचं नाव, ठरावीक वाढ आणि पुढे पर्याय : महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा, रोज. आठवड्यातून तीनदा १५० ग्रॅम दही म्हणजे ४५० भागिले ७, रोजचे सुमारे ६४ ग्रॅम.

गणित सोपं आहे, अवघड आहे ते उत्तर देणं. मे महिन्यात ‘आंबा किती वेळा खाता?’ विचारलं तर ‘रोज’ हेच येणार. तो दोन महिने रोज एक खाल्ला, तर वर्षाच्या हिशेबात ६० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला आंब्याचा सहावा हिस्सा. प्रश्नावलीत हंगाम वेगळा विचारला नसेल, तर आंबेवाल्याचं जीवनसत्त्व ‘अ’ सहापट फुगतं. यादी कुठली आहे यावरही सगळं ठरतं. विदर्भासाठी बनवलेली यादी सिंधुदुर्गात नेली, तर तिसऱ्या आणि सुकटीला रकानाच नसतो, आणि जे यादीत नाही ते खाल्लंच नाही असं धरलं जातं. ही चूक जास्त माणसं घेऊन भरून निघत नाही. पालेभाजीच्या उदाहरणातली चूक मात्र माणसं वाढवली की सरासरीत विरून जाते. म्हणून प्रश्नावलीतल्या ग्रॅमवर फार विसंबू नये. कोण कमी खातं, कोण मध्यम, कोण जास्त, असा क्रम लावायला ती उपयोगी पडते, आणि आजाराशी संबंध शोधायला तो क्रम बऱ्याचदा पुरतो.

हुशार परीक्षक पुढे विचारतो : प्रश्नावली बरोबर आहे हे कसं तपासाल? नेहमीचं उत्तर असं, की त्याच लोकांचे अनेक दिवसांचे स्मरण-आहार घेऊन ताडून पाहू. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. जी बाई फरसाण सांगायला संकोचते, ती दोन्हीकडे संकोचते. दोन्ही पद्धती एकाच माणसाच्या आठवणीवर उभ्या असल्याने त्यांच्या चुका एका दिशेने जाऊ शकतात, आणि जुळणी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून आठवणीवर न चालणारं काहीतरी लागतं. चोवीस तासांची लघवी साठवून तिच्यातला नायट्रोजन मोजला की खाल्लेल्या प्रथिनांचा अंदाज येतो, बाई काहीही सांगो. ‘चोवीस तासांची’ पूर्ण हवी. सकाळची एक बाटली कमी पडली तरी प्रथिनं कमी खाल्ल्यासारखी दिसतात.