खाचरात वर्षाला किती आर्सेनिक साठते?

बांगलादेशात पावसाळा सरल्यावर, जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, बोरो भात घेतात. आपल्याकडे कोकण-गोव्यात वायंगण करतात तसाच हा बिनपावसाळी हंगाम. फरक एवढाच की बोरोचे बहुतेक पाणी उथळ कूपनलिकांतून उपसलेले असते. नेमक्या याच खोलीवरच्या भूजलात आर्सेनिक आहे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकाने माणसे आजारी पडतात, हे १९९० च्या दशकात तिथे सगळ्यांना कळून चुकले. तेच पाणी लाखो खाचरांत सोडले जात आहे आणि पाणी उडून गेले तरी आर्सेनिक मागे राहते, हा विचार मात्र थोडा उशिरा आला. त्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत संशोधक एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे लागले होते: एका हेक्टर खाचराच्या मातीत दर वर्षी किती आर्सेनिक वाढते? उत्तर काय आले यापेक्षा ते कसे बदलत गेले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोजायचे कधी, कुठे आणि किती खोल, यावर ते उत्तर ठरते आणि हे कळायलाच अर्धी वर्षे गेली.

सुरुवात २००३ मध्ये धरायला हरकत नाही. अँड्र्यू मेहार्ग आणि मझिबुर रहमान यांनी देशभरातल्या भातजमिनी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिथे भूजलात आर्सेनिक कमी, तिथल्या मातीत ते किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत होते. सर्वाधिक बाधित भागात ४६ पर्यंत पोचले होते. शिवाय कूपनलिका जितकी जुनी, तितके मातीतले आर्सेनिक जास्त, असा संबंध आकडेवारीत दिसत होता. साठा होतो आहे, हे यातून कळले. पण निरनिराळ्या गावांच्या निरनिराळ्या मातींची तुलना करून एका शेताची वार्षिक वाढ काढता येत नाही, कारण माती मुळातच वेगवेगळी असते.

म्हणून सुरुवातीचे अंदाज कागदावर झाले आणि त्यांची रीत अगदी सोपी होती. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. बोरोला एकंदर एक मीटर पाणी लागते असे धरले, तर हंगामात एक कोटी लिटर पाणी आत येते. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असेल, तर हेक्टरी एक किलो आर्सेनिक आले. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी साधारण २० लाख किलो भरते. एक किलो आर्सेनिक एवढ्या मातीत सारखे पसरले, तर किलोमागे वर्षाला अर्धा मिलिग्रॅम वाढ. हे गणित चुकीचे नाही. पण त्यात तीन गोष्टी न सांगता गृहीत धरल्या आहेत: आलेले सगळे आर्सेनिक मातीतच राहते, ते सगळ्या खाचरात सारखे पसरते, आणि ते नांगरटीच्या थरातच अडकते. पुढची सगळी मेहनत ही तीन गृहीतके तपासण्यात गेली.

पीक बरेचसे आर्सेनिक उचलून नेत असेल, ही शंका आधी दूर करू, कारण ती लवकर मिटते. हेक्टरी सहा टन पेंढा धरला आणि त्यात किलोमागे पाच मिलिग्रॅम आर्सेनिक मानले, तर सगळे मिळून ३० ग्रॅम होतात. दाण्यात त्याहून कितीतरी कमी असते. खाणाऱ्याच्या दृष्टीने तो थोडा भागही गंभीर आहे. मातीच्या हिशेबात मात्र, जिथे किलोंची भाषा आहे, तिथे ही वजाबाकी नगण्य ठरते.

खरे काम ढाक्याच्या दक्षिणेला, मुन्शीगंज जिल्ह्यातल्या श्रीनगरजवळ झाले. झ्युरिकचे ईटीएच, त्याच परिसरातली एआवाग ही जलसंशोधन संस्था आणि ढाक्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ बुएट यांनी एकाच कूपनलिकेवर भिजणारी १८ खाचरे निवडली. त्या पाण्यात लिटरमागे ३९७ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ०.४ मिलिग्रॅम आर्सेनिक होते. डिसेंबर २००४ मध्ये, पाणी सुरू होण्यापूर्वी मातीचे नमुने घेतले. पाट जितका लांब तितके आर्सेनिक वाटेतच खाली बसेल आणि दूरच्या खाचरात कमी पोचेल, असे कुणालाही वाटले असते. तसे काही दिसले नाही. फरक होता तो एकेका खाचराच्या आत. पाणी जिथून आत शिरते त्या तोंडाशी आर्सेनिक जास्त आणि तिथून लांब जावे तसे कमी. वरच्या दहा सेंटिमीटर मातीत एका जागी ११, तर दुसऱ्या जागी ३५ मिलिग्रॅम.

याचे कारण पाण्यातच आहे. या भूजलात लोह विरघळलेले असते. पाटातून पाणी वेगाने धावते, त्याला वेळ मिळत नाही. खाचरात शिरून ते संथ झाले की हवेतल्या प्राणवायूने लोहाचा गंज होतो, आर्सेनिक त्या तांबूस कणांना चिकटते आणि दोन्ही मिळून तोंडाजवळच खाली बसतात. म्हणून खाचराच्या मध्यातून एक मूठ माती घेऊन काढलेला आकडा त्या खाचराचा नसतो, त्या जागेचाच असतो. तोंडाशी नमुना घेणारा भयंकर वाढ सांगेल, पलीकडच्या बांधाशी घेणारा काहीच वाढ नाही म्हणेल, आणि आपापल्या नमुन्यापुरते दोघांचेही मोजमाप बरोबर असेल.

मे २००५ मध्ये, कापणीच्या सुमारास, पुन्हा नमुने घेतले. बहुतेक नवे आर्सेनिक तोंडाजवळ, मातीच्या अगदी वरच्या काही सेंटिमीटरमध्ये सापडले. पण डिसेंबर २००५ मध्ये, पूर ओसरल्यावर, वरच्या थरातले प्रमाण जवळपास पूर्वीच्या पातळीवर आले होते. बुएटच्या साहा आणि अली यांनाही इतर शेतांत असेच दिसले होते: सिंचनात वाढ, पावसाळ्यानंतर घट. इथे घाईने दोन चुकीचे अर्थ काढता आले असते. नुसता मेचा आकडा धरला तर साठा वेगाने वाढताना दिसतो. नुसत्या दोन डिसेंबरांची तुलना केली तर साठा होतच नाही असे वाटते. संशोधकांनी दुसरा अर्थ घेतला नाही आणि त्यांचा तो संयम मला फार मोलाचा वाटतो. पाणी सुरू होण्याआधीही तोंडाशी जास्त, पलीकडे कमी अशी उतरंड होतीच. पूर दर वर्षी सगळे धुऊन नेत असता, तर ती उतरंड उरलीच नसती. म्हणजे आधीच्या पंधरा वर्षांत काहीतरी शिल्लक राहत आले होते. फक्त एका वर्षाची शिल्लक एका वर्षाच्या नमुन्यांत दिसण्याएवढी मोठी नव्हती.

म्हणून त्यांनी एकच खाचर घेतले आणि तीन वर्षे वर्षातून दोनदा, ठरलेल्या चौकटीच्या जाळीवर, खोलीच्या वेगवेगळ्या टप्प्यांत नमुने घेतले. दिटमार आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब २०१० मध्ये मांडला. सिंचनातून वर्षाला हेक्टरी ४.४ किलो आर्सेनिक आले. वरच्या ४० सेंटिमीटरमध्ये वर्षाला सरासरी २.४ किलो वाढले. म्हणजे २ किलो कुठेतरी गेले. हंगामी फरकांवरून पुरात १.०५ ते २.१ किलो गेले असावेत. उरलेले, जास्तीत जास्त ०.९५ किलो, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर खाली गेले असे त्यांनी मानले.

या आकड्यांच्या मर्यादा समजण्यासाठी एक भागाकार करून पाहा. ४० सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी सुमारे ५० लाख किलो. त्यात २.४ किलो म्हणजे किलोमागे वर्षाला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. आणि या खाचरांत दोन जागांतला फरक वीसेक मिलिग्रॅमचा. जाळी नसती, तीन वर्षांचा धीर नसता, तर ही वाढ जागाजागांच्या फरकात बुडून गेली असती. चिखलणीने मातीची घनता बदलते हेही लक्षात ठेवावे लागते. चिखलणीआधीचे दहा सेंटिमीटर आणि नंतरचे दहा सेंटिमीटर यांत मातीचे वजन सारखे नसते.

त्याच वर्षी रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी पुराचा भाग दुसऱ्या वाटेने मोजला, आणि या साऱ्या मागोव्यात मला सर्वांत भरवशाचा वाटणारा टप्पा तोच आहे. माती खणून वजाबाकी करण्याऐवजी त्यांनी मातीच्या कणांमधले पाणी आणि वरचे पुराचे पाणी तपासले. खाचर बुडाले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचा गंज पुन्हा विरघळतो, त्याला चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि वरच्या पाण्यात येते. ते पाणी वरपासून तळापर्यंत ढवळले जाते आणि पूर ओसरताना आर्सेनिक घेऊन जाते. त्यांच्या अंदाजाने चौरस मीटरमागे ५१ ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे हेक्टरी अर्धा ते अडीच किलो. सिंचनाने घातलेल्याच्या १३ ते ६२ टक्के. मातीवरून काढलेला आकडा याच पट्ट्यात बसतो. पट्टा रुंद आहे हे खरे, पण दोन वेगळ्या रीती एकाच जागी येऊन मिळतात.

खाली झिरपणाऱ्या पाण्याबद्दल न्यूमन, हार्वे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की खाचरातले बरेच पाणी बांधांतून निसटते. बांधाची माती खाचरासारखी प्राणवायूहीन नसते, म्हणून आर्सेनिक तिथे अडकते आणि भूजलात फारसे परत जात नाही. बांधांतली माती नमुन्यांत धरली नाही, तर हा वाटा हिशेबातून निसटतो.

मुन्शीगंजचे उत्तर देशभर लावता येत नाही, हे फरीदपूरने दाखवले. तिथे १६-१७ वर्षे चाललेल्या एका कूपनलिकेखालचे आठ हेक्टर पनाउल्ला आणि सहकाऱ्यांनी तपासले. पाण्यात आर्सेनिक लिटरमागे ०.१३ मिलिग्रॅम, म्हणजे मुन्शीगंजच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. तरीही मातीत जागोजागी १० ते ७० मिलिग्रॅम. साध्या हिशेबाने आलेले ९६ टक्के आर्सेनिक मातीतच राहिले होते. मुन्शीगंजमध्ये निम्म्याहून थोडे अधिक राहत होते. फरीदपूरच्या हिशेबात पाण्याचे आजचे प्रमाण सगळ्या वर्षांना लावले आहे, तेव्हा ९६ हा आकडा अगदी काटेकोर धरू नये. पण पूर जिथे नीट धुऊन नेत नाही, तिथे पाण्यात आर्सेनिक कमी असूनही साठा जास्त होऊ शकतो, असे त्यातून वाटते. बाधित भागांचे नकाशे नुसत्या विहिरींच्या पाण्यावरून काढणे म्हणूनच मला अपुरे वाटते. पुराची खोली आणि मुदत त्यात हवीच.

त्याच आठ हेक्टरांत ब्रि धान २९ हे वाण लावले, तेव्हा मातीतले आर्सेनिक वाढत गेले तसे हेक्टरी उत्पादन ७ ते ९ टनांवरून २ ते ३ टनांवर उतरले. सगळ्या क्षेत्राची सरासरी घट १६ टक्के. हा दोष आर्सेनिकाचाच की तोंडाशी साठणाऱ्या इतर कशाचा, हे ठरायचे राहिले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ह्यूमन आणि सहकाऱ्यांनी १६ शेतकऱ्यांच्या शेतांत १३ जास्त आणि १३ कमी आर्सेनिकच्या वाफ्यांतली वरची १५ सेंटिमीटर माती अदलाबदल करून पाहिली. शेजारच्या न हलवलेल्या वाफ्यांशी तुलना केली, तेव्हा जिथे मातीतले आर्सेनिक वाढले तिथे उत्पादन घटले आणि जिथे कमी झाले तिथे वाढले. त्यावरून त्यांनी साऱ्या देशाच्या बोरोची वार्षिक घट ७ ते २६ टक्के काढली. एवढे अंतर पडण्यात वर पाहिलेल्या गोष्टींचाही वाटा आहे असे मला वाटते: देशातल्या कोणत्या खाचरात वर्षाला किती आर्सेनिक उरते, याचा तीन वर्षे जाळी लावून केलेला हिशेब फारच थोड्या ठिकाणी झाला आहे. मुन्शीगंजच्या त्या एका खाचरापुरते उत्तर आहे. लागवड अशीच चालू राहिली, तर वरच्या ४० सेंटिमीटरमधले आर्सेनिक २०५० पर्यंत दीड ते दोन पट होईल.