हॉस्टेलचा नियम मोडला, तर थेट खोली रिकामी करायला सांगता येतं का?

२०१९ साली केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये नवा नियम आला. संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाईल वापरायचा नाही. बीएला इंग्रजी विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने हा नियम पाळायला नकार दिला. तिला हॉस्टेल सोडायला सांगण्यात आलं.

ती केरळ हायकोर्टात गेली. कोर्टाने १९ सप्टेंबर २०१९ ला निकाल दिला की, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला हॉस्टेलमध्ये परत घ्यावं, असा आदेशही दिला. पण त्याच निकालात कोर्टाने हेही स्पष्ट केलं की, फोन वापरताना इतर मुलींना त्रास होता कामा नये.

म्हणजे नियम करायचा हक्क हॉस्टेलला आहे, पण कोणताही नियम चालतो असं नाही. ही रेषा नेमकी कुठे असते? अ‍ॅडमिशनच्या गडबडीत न वाचता सही केलेल्या त्या नियमपुस्तिकेत काय पाहायचं? समजून घेऊ.

वेळ : गेट किती वाजता बंद होतं, एवढंच पाहू नका

प्रत्येक पुस्तिकेत गेट बंद होण्याची वेळ ठळक छापलेली असते. त्याहून महत्त्वाचं असतं ते उशीर झाल्यावर काय होतं. बहुतेक ठिकाणी गेटवर रजिस्टर असतं. त्यात बाहेर जाण्याची आणि परत येण्याची वेळ लिहून सही करायची असते. मुक्कामी बाहेर जायचं असेल तर आधी रेक्टरची परवानगी, म्हणजे आउटपास लागतो. 'उशीर' आणि 'न सांगता रात्रभर गैरहजर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची शिक्षा मोठी असते.

मुलींना ८ ची वेळ आणि मुलांना ११ ची, असं चालतं का? यूजीसीच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांत म्हटलंय की, सुरक्षेचं कारण देऊन विद्यार्थिनींच्या हॉस्टेलवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत. २०२२ मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या विद्यार्थिनी याच मुद्द्यावर हायकोर्टात गेल्या होत्या. त्यानंतर सरकारने आदेश काढून मुलं-मुली दोघांसाठी गेटची वेळ रात्री साडेनऊ केली. पहिलं वर्ष सोडून बाकीच्यांना त्यानंतरही रजिस्टरमध्ये नोंद करून आत येण्याची मुभा दिली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. यूजीसीचे हे विनियम उच्च शिक्षण संस्थांना लागू होतात. बाहेरच्या खासगी पीजीत तुमचा संबंध मुख्यतः मालकासोबतच्या कराराशी असतो.

भेटायला येणारे : 'पॅरासाइट' का महागात पडतो?

भेटीची वेळ, रजिस्टरमध्ये नोंद, ओळखपत्र आणि व्हिजिटर रूममध्येच भेट, हे नियम जवळपास सगळीकडे असतात. प्रवेशाच्या वेळी लोकल गार्डियनचं नाव आणि फोटो घेतात. त्या यादीत नसलेल्या मावसभावासोबत रेक्टर बाहेर सोडत नाहीत, ते यामुळेच.

खरी अडचण होते ती मुक्कामी पाहुण्याची. खोली न मिळालेल्या मित्राला आपल्या खोलीत ठेवून घेणं ही जुनी पद्धत आहे. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात. तपासणीत तो सापडला तर कारवाई ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्यावरही होते आणि अनेक ठिकाणी थेट खोलीच रद्द होते. "फक्त परीक्षेपुरता राहिला होता" हे कारण तिथे कामी येत नाही.

फी : तीन वेगळे खाते, तीन वेगळे नियम

खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि डिपॉझिट यांची एकच पावती मिळाली तरी त्यांचे नियम वेगळे असतात. भाडं बहुधा सत्राचं किंवा वर्षाचं घेतात, त्यामुळे मधेच सोडलं तर किती परत मिळणार, हे आधी वाचा. मेसमध्ये खाडा धरतात का, सलग किती दिवसांचा आणि किती दिवस आधी लिहून द्यावा लागतो, ते पाहा. गावी जाऊन आल्यावर सांगितलेला खाडा सहसा धरत नाहीत.

डिपॉझिट ही फी नसते. खोली सोडताना पंखा, पलंग, कपाट तपासून नुकसान असेल तर तेवढं कापून बाकी परत द्यायचं असतं. म्हणून खोली ताब्यात घेतानाच मोडक्या वस्तूंचे फोटो काढा आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद करायला सांगा.

कारवाई : पायऱ्या कोणत्या असतात?

समजा, साताऱ्याहून पुण्यात आलेला एक विद्यार्थी महिन्यात तीनदा उशिरा आला. पहिल्या वेळी तोंडी समज मिळते. दुसऱ्या वेळी लेखी मेमो आणि पुस्तिकेत लिहिलेला असेल तर दंड. तिसऱ्या वेळी आई-वडिलांना पत्र किंवा फोन जातो. त्यानंतरही तसंच चाललं तर 'कारणे दाखवा' नोटीस येते आणि समितीपुढे बोलावणं येतं.

ही शेवटची पायरी सर्वात महत्त्वाची आहे. खोली काढून घेण्याआधी आरोप काय आहे ते लेखी कळवणं, बाजू मांडायची संधी देणं आणि निर्णयाची कारणं सांगणं, ही नैसर्गिक न्यायाची मूळ अपेक्षा आहे. शिक्षा चुकीच्या मानाने असावी, हेही त्यातच येतं. तीनदा उशीर झाला म्हणून रात्रीत सामान बाहेर ठेवलं, तर त्यात या सगळ्याच पायऱ्या गाळलेल्या असतात.

अशी नोटीस आली तर गप्प बसू नका. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. त्या दिवशी एसटी बंद पडली होती तर तिकीट जोडा, दवाखान्यात होतात तर कागद जोडा. उत्तराच्या प्रतीवर पोच घ्या. निर्णय पटला नाही तर अपील कोणाकडे करायचं, हे पुस्तिकेत शोधा. रेक्टरच्या वर बहुधा प्राचार्य किंवा विद्यापीठात कुलगुरू असतात.

रॅगिंगला मात्र ही शिडी लागू होत नाही. तिथे पहिल्याच घटनेत हॉस्टेलमधून निलंबन होऊ शकतं आणि यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रकरण फौजदारी स्वरूपाचं असेल तर संस्थाप्रमुखाने माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर नोंदवायचा असतो. दरवर्षी तुमच्याकडून आणि पालकांकडून घेतलं जाणारं रॅगिंगविरोधी हमीपत्र यासाठीच असतं.

सही करण्याआधी

पुस्तिकेच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : 'व्यवस्थापन वेळोवेळी करेल ते बदल मान्य राहतील.' कोझिकोडच्या त्या हॉस्टेलमध्येही मोबाईलचा नियम मधेच बदलला होता. त्यामुळे सही केलेल्या पानाचा आणि पूर्ण पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये ठेवा. उद्या कोणी "नियमच आहे" म्हणालं, तर तो नियम तुम्ही आलात तेव्हा होता की नंतर आला, हे तुम्हाला दाखवता येईल.